विवेचक धन आहे, पण पूर्ण वर्ग आहे का?

*सर, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. अंतर्गत परीक्षेत x³ − 7x + 5, x³ − 7x + 6 आणि x³ − 7x + 7 या तीन बहुपदी देऊन प्रत्येकीच्या स्प्लिटिंग फील्डचा ℚ वरचा गाल्वा ग्रुप विचारला होता. मी तिन्हींचे विवेचक काढले. तिन्ही धन आले, म्हणजे तिन्ही मुळे वास्तव, म्हणून तिन्हींना A₃ लिहिलं. फक्त शेवटच्या उत्तराचे गुण मिळाले. मैत्रीण म्हणाली, विवेचक पूर्ण वर्ग असला तरच A₃. पण दुसऱ्या बहुपदीचा विवेचक 400 आहे, तो तर 20 चा वर्ग, तरी ते उत्तर चूक कसं? नियम पाठ करता येईल, पण विवेचकाच्या वर्गमुळाचा ग्रुपशी संबंध काय, हेच कळत नाही. आणि A₃ असेल तेव्हा एका मुळावरून उरलेली दोन मिळतात असं पुस्तकात वाचलं, पण ती प्रत्यक्ष काढलेली कुठेच दिसली नाहीत. — विद्यार्थिनी, नांदेड*

प्रिय विद्यार्थिनी,

तुझे तिन्ही विवेचक बरोबर आहेत: अनुक्रमे 697, 400 आणि 49. त्यावरून काढलेला पहिला निष्कर्षही बरोबर आहे, तिन्ही बहुपदींची सगळी मुळे वास्तव आहेत. चूक त्यापुढच्या पायरीत झाली. विवेचक धन आहे याचा अर्थ त्याचं वर्गमूळ ℝ मध्ये सापडतं, एवढाच. ते ℝ बद्दलचं उत्तर झालं. ℝ वर विचारलं असतं तर तिन्ही मुळे तिथेच हजर असल्यामुळे तिन्ही ग्रुप एका घटकाचे निघाले असते. पण प्रश्न ℚ वरचा होता, आणि √697 ही संख्या 26 आणि 27 यांच्या मध्ये कुठेतरी असलेली अपरिमेय संख्या आहे. वर्गमूळ कुठे सापडतं, याच गोष्टीवर सगळा निकाल अवलंबून असतो. तो का अवलंबून असतो, ते आता सावकाश पाहू.

विवेचक थोडा वेळ बाजूला ठेव आणि त्याच्या वर्गमुळाकडे बघ. α, β, γ ही तीन मुळे घेऊन

δ = (α − β)(β − γ)(γ − α)

ही संख्या तयार कर. मुळांच्या वजाबाक्यांचा गुणाकार असल्यामुळे ती स्प्लिटिंग फील्डमध्येच असते. विवेचक D म्हणजे δ². आता α आणि β यांची अदलाबदल कर. पहिल्या कंसाचं चिन्ह बदलतं, आणि उरलेले दोन कंस (α − γ)(γ − β) असे होतात. त्या दोघांचीही चिन्हं उलटली आहेत आणि जागाही बदलल्या आहेत, म्हणून त्यांचा एकत्रित गुणाकार पूर्वीचाच राहतो. एकूण परिणाम असा की δ चा −δ झाला. कोणतीही दोन मुळे आपसात बदललीस तरी हेच होईल. पण α च्या जागी β, β च्या जागी γ आणि γ च्या जागी α असं चक्र फिरवलंस, तर तेच तीन कंस वेगळ्या क्रमाने येतात आणि δ जसाच्या तसा राहतो. S₃ मध्ये सहा अदलाबदली आहेत. काहीच न बदलणारी एक आणि दोन चक्रं मिळून A₃ होतो, त्या तिन्ही δ ला हात लावत नाहीत. उरलेल्या तीन, म्हणजे फक्त दोन मुळे बदलणाऱ्या, δ चं चिन्ह उलटवतात. मुळांची अदलाबदल केली की एखाद्या राशीच्या किती वेगवेगळ्या किमती होतात, हे मोजण्याची पद्धत लाग्रांजने 1770 च्या सुमारास, गाल्वाच्या जन्माच्याही आधी वापरली होती. δ च्या किमती दोनच होतात, म्हणून तिचा वर्ग सगळ्या अदलाबदलींत स्थिर राहतो आणि तो सहगुणकांवरून काढता येतो.

आता गाल्वा ग्रुपची व्याख्या आठव. ℚ मधली प्रत्येक संख्या जागच्या जागी ठेवणारे, स्प्लिटिंग फील्डचे सगळे ऑटोमॉर्फिझम म्हणजे हा ग्रुप. δ परिमेय असेल, तर ग्रुपमधल्या प्रत्येकाने तिला स्थिर ठेवलंच पाहिजे. मग दोनच मुळे बदलणारा कोणी त्या ग्रुपमध्ये असू शकत नाही, कारण त्याने δ चं चिन्ह उलटवलं असतं. ग्रुप A₃ च्या आत अडकला. उलट δ परिमेय नसेल, तर तिला हलवणारा निदान एक ऑटोमॉर्फिझम असायलाच हवा, कारण ग्रुपमधले सगळे ज्या संख्यांना स्थिर ठेवतात त्या फक्त परिमेय संख्या असतात. तो एक जण चिन्ह उलटवणारा आहे, म्हणजे ग्रुप A₃ च्या बाहेर गेला. D पूर्ण वर्ग आहे का, हा प्रश्न म्हणजे δ परिमेय आहे का हाच प्रश्न.

लक्षात घे, एवढ्यावरून ग्रुप A₃ च्या आत आहे की नाही इतकंच कळतं. तो A₃ इतका मोठा आहे का, हे δ सांगत नाही. 400 च्या बाबतीत तू तिथेच फसलीस. त्याकडे पुढे येतो.

विवेचकाच्या सूत्रातल्या चिन्हाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तुझ्या वर्गात अर्ध्या जणांचा गोंधळ तिथे होतो याची मला खात्री आहे. f(x) = x³ + px + q साठी f′(α) = 3α² + p, आणि f(x) = (x − α)(x − β)(x − γ) याचं विकलन करून x = α ठेवलं तर f′(α) = (α − β)(α − γ) मिळतं. तिन्ही मुळांसाठी हे लिहून गुणाकार केलास, तर प्रत्येक फरक दोनदा येतो, एकदा सरळ आणि एकदा उलटा. तीन फरक, म्हणून तीन उणे चिन्हं, म्हणून

f′(α) f′(β) f′(γ) = −D.

डावीकडचा गुणाकार (3α² + p)(3β² + p)(3γ² + p) उलगडला की 27q² + 9p·p² + 3p²·(−2p) + p³, म्हणजे 4p³ + 27q² येतो. म्हणून D = −4p³ − 27q². हे बाहेरचं उणे विसरणारे पुष्कळ असतात. 7 असलेल्या बहुपदीत त्यांना 49 ऐवजी −49 मिळतो, ऋण संख्या ℚ मध्ये वर्ग नसते म्हणून ते S₃ लिहून मोकळे होतात, आणि पेपर देऊन बाहेर आल्यावरही चूक कुठे झाली ते कळत नाही. पडताळा सोपा आहे: x³ − x ची मुळे 0, 1, −1 अशी उघड वास्तव आणि वेगवेगळी आहेत, तेव्हा तिचा विवेचक धन यायलाच हवा. सूत्रात p = −1, q = 0 घालून 4 आला की चिन्ह बरोबर.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ. मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात बाकीचं सगळं उलगडतं. वर मिळालेलं f′(α) = (α − β)(α − γ) हे δ मध्ये ठेव. γ − α = −(α − γ), म्हणून

δ = −f′(α)·(β − γ), म्हणजेच β − γ = −δ / f′(α).

बहुपदीत x² चं पद नाही, म्हणून मुळांची बेरीज शून्य आणि β + γ = −α. बेरीज आणि वजाबाकी दोन्ही हातात आल्या, की β मिळालंच:

β = ½ ( −α − δ / f′(α) ).

या एका ओळीकडे नीट बघ. उजवीकडे फक्त α आणि δ आहेत. याचा अर्थ असा की कोणत्याही घन बहुपदीचं स्प्लिटिंग फील्ड म्हणजे ℚ(α, δ). एक मूळ आणि विवेचकाचं वर्गमूळ, एवढ्यात सगळं येतं. δ परिमेय असेल, तर ℚ(α) मध्येच तिन्ही मुळे बसतात. δ अपरिमेय असेल, तर ती वेगळी जोडावी लागते. नियम पाठ करण्यापेक्षा ही ओळ लक्षात ठेव, नियम तिच्यातून केव्हाही काढता येतो.

x³ − 7x + 7 घेऊ. सगळ्या खालच्या सहगुणकांना 7 ने भाग जातो आणि शेवटच्या 7 ला 49 ने भाग जात नाही, म्हणून आयझेनस्टाईनच्या कसोटीने ती ℚ वर इर्रिड्यूसिबल आहे. D = 1372 − 1323 = 49, म्हणून δ = 7 घेऊ. δ = −7 घेतलंस तर फक्त β आणि γ ही नावं आपसात बदलतात, बाकी काही बिघडत नाही. आता 1/(3α² − 7) ला α च्या बहुपदीच्या रूपात लिहायचं आहे. ते a + bα + cα² आहे असं धर आणि (3α² − 7) ने गुण. गुणताना α³ = 7α − 7 आणि α⁴ = 7α² − 7α वापर. गुणाकार 1 यायला हवा, म्हणून स्थिरपद, α आणि α² यांचे सहगुणक जुळवून तीन समीकरणं मिळतात:

−7a − 21b = 1, 14b − 21c = 0, 3a + 14c = 0.

दुसऱ्यावरून b = 3c/2, तिसऱ्यावरून a = −14c/3. पहिल्यात घातलं की 7c/6 = 1, म्हणजे c = 6/7, b = 9/7, a = −4. म्हणून

1/(3α² − 7) = (6α² + 9α − 28)/7.

छेदातला 7 आणि δ चा 7 एकमेकांना काटतात आणि β − γ = −6α² − 9α + 28 उरतं. त्यातून

β = −3α² − 5α + 14, γ = 3α² + 4α − 14.

पुस्तकात जे फक्त सांगितलेलं असतं, ते हे. खरं वाटत नसेल तर आकडे घालून बघ. या बहुपदीची मुळे साधारण 1.357, 1.692 आणि −3.049 आहेत. 3x² + 4x − 14 मध्ये 1.357 घातलंस की −3.049 येतं. −3.049 घातलंस की 1.692 येतं. 1.692 घातलंस की पुन्हा 1.357. तीन पावलांत फेरी पूर्ण होते, आणि ही फेरी म्हणजेच तीन घटकांचा चक्रीय ग्रुप. त्याचा जनक तुझ्यासमोर एका वर्ग बहुपदीच्या रूपात उभा आहे.

या मुळांबद्दल आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. 2cos(2π/7), 2cos(4π/7) आणि 2cos(6π/7) या संख्या साधारण 1.247, −0.445 आणि −1.802 आहेत. पहिलीतून दुसरी वजा कर: 1.692. दुसरीतून तिसरी: 1.357. तिसरीतून पहिली: −3.049. म्हणजे x³ − 7x + 7 ची मुळे ही सुसम सप्तकोनाशी जोडलेल्या कोसाइनांमधले फरक आहेत, आणि तिचं स्प्लिटिंग फील्ड म्हणजे ℚ(cos 2π/7). कोन दुप्पट केला की हे तीन कोसाइन चक्राकार फिरतात, कारण 8π/7 चा कोसाइन 6π/7 च्या कोसाइनइतकाच आणि 12π/7 चा 2π/7 च्या कोसाइनइतकाच असतो. तू काढलेला A₃ हीच फिरण्याची क्रिया आहे.

आता x³ − 7x + 5. तिला परिमेय मूळ असेल तर ते ±1 किंवा ±5 असायला हवं. चारही घालून बघितले की −1, 11, 95 आणि −85 मिळतात, शून्य कुठेच नाही. घन बहुपदीचे अवयव पडले तर त्यांतला एक रेषीय असतोच, म्हणून मूळ नाही म्हणजे ती इर्रिड्यूसिबल. D = 1372 − 675 = 697 = 17 × 41, वर्ग नाही. इथेही β चं तेच सूत्र चालतं, फक्त त्यात √697 येतं. ते ℚ(α) मध्ये असू शकेल का? नाही. ℚ(α) ची डिग्री 3 आहे, √697 ची डिग्री 2, आणि 2 ने 3 ला भाग जात नाही. म्हणून √697 बाहेरून आणावंच लागतं, पूर्ण फील्डची डिग्री 3 × 2 = 6 होते, आणि S₃ च्या आत सहा घटकांचा ग्रुप स्वतः S₃ शिवाय दुसरा नाही. तिन्ही मुळे वास्तव असूनही त्यांपैकी एकावरून उरलेली दोन परिमेय सहगुणकांनी लिहिता येत नाहीत. संख्यारेषेवर 5 आणि 7 च्या मुळांमध्ये असा काही फरक दिसत नाही. 5 ची मुळे साधारण 0.783, 2.166 आणि −2.949 आहेत, 7 च्या मुळांइतकीच साधी. फरक दिसतो तो फक्त δ मध्ये.

आणि ती 400 वाली. x³ − 7x + 6 = (x − 1)(x − 2)(x + 3). तिची तिन्ही मुळे मुळातच परिमेय आहेत, स्प्लिटिंग फील्ड म्हणजे स्वतः ℚ, आणि ग्रुपमध्ये काहीच न बदलणारा एक घटक. δ परिमेय आहे हे खरं, ग्रुप A₃ च्या आत आहे हेही खरं, पण तो A₃ नाही. आपलं सूत्र इथेही कसं चोख चालतं ते बघ: α = 1, f′(1) = −4, δ = 20 घेतलं तर β = ½(−1 + 5) = 2, आणि γ = −3. बहुपदी इर्रिड्यूसिबल असते तेव्हा ℚ(α) ची डिग्री 3 असते, म्हणून ग्रुपच्या घटकांच्या संख्येला 3 ने भाग जातो. S₃ मध्ये असे उपग्रुप दोनच, A₃ आणि S₃. त्या दोघांमधला निवाडा करण्याचं काम विवेचकाचं. इर्रिड्यूसिबल असल्याची खात्री न करता विवेचक काढलास, तर त्याच्या उत्तराला अर्थ उरत नाही. उत्तरपत्रिकेत ती एक ओळ आधी लिहायची सवय लाव, परीक्षक पहिल्यांदा तीच शोधतात.

7x च्या पुढचा स्थिरांक बदलत गेलीस तर उरलेले प्रकारही इथेच भेटतात. स्थिरांक 0 घेतला की x(x² − 7), D = 1372 = 14² × 7, वर्ग नाही. तरी ग्रुप S₃ नाही, दोनच घटकांचा आहे, कारण 0 हे मूळ जागचं हलत नाही आणि √7, −√7 हीच दोन आपसात बदलतात. स्थिरांक 8 घेतला की D = 1372 − 1728 = −356. परिमेय मूळ नाही, विवेचक ऋण, म्हणून एकच मूळ वास्तव, आणि ग्रुप S₃. ऋण विवेचक ℚ मध्ये कधीच वर्ग होत नाही, म्हणून A₃ असेल तर तिन्ही मुळे वास्तव असतातच. तू याचीच उलटी दिशा खरी धरलीस, आणि उलटी दिशा खरी नाही, 5 हे तिचं उदाहरण.

मोठा विवेचक आला आणि गणितावर विश्वास बसत नसेल, तर एक वेगळी वाट आहे. D ला ज्याने भाग जात नाही अशी मूळ संख्या घे आणि बहुपदीचे त्या मूळ संख्येच्या मापाने अवयव पाड. डेडेकिंडच्या प्रमेयानुसार अवयवांच्या डिग्री जशा येतील, तशाच लांबीच्या चक्रांची अदलाबदल गाल्वा ग्रुपमध्ये असते. x³ − 7x + 5 ला 5 च्या मापाने बघ: x³ − 2x = x(x² − 2). 5 च्या मापाने वर्ग फक्त 0, 1 आणि 4 असतात, म्हणून x² − 2 फुटत नाही. एक रेषीय आणि एक वर्ग अवयव, म्हणजे एक मूळ जागेवर आणि दोन आपसात बदललेली. अशी अदलाबदल A₃ मध्ये नसते, म्हणून ग्रुप S₃. विवेचकाला हात न लावता निकाल लागला.

x³ − 7x + 7 ला असं कधीच होणार नाही. 2, 3, 5 आणि 11 च्या मापाने ती फुटतच नाही. 13 च्या मापाने एकदम तीन रेषीय अवयव पडतात, मुळे 3, 12 आणि 11. मघाशी काढलेलं 3x² + 4x − 14 इथेही वापरून बघ: 3 घातलं की 25, म्हणजे 12. 12 म्हणजे −1, ते घातलं की −15, म्हणजे 11. 11 म्हणजे −2, ते घातलं की −10, म्हणजे पुन्हा 3. तीच फेरी. मला हा पडताळा फार आवडतो, कारण दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांवर विसंबावं लागत नाही आणि हिशेबातली चूक लगेच उघडी पडते. या वाटेला मर्यादा मात्र आहे. S₃ सिद्ध करायला एक चांगली मूळ संख्या पुरते, पण कितीही मूळ संख्या तपासल्यास तरी नुसत्या त्यांच्यावरून A₃ सिद्ध होत नाही, फक्त संशय बळावतो. A₃ साठी विवेचकाकडेच परत यावं लागतं. तरी चाचपणीला ही वाट उत्तम, कारण ग्रुप S₃ असेल तर साधारण निम्म्या मूळ संख्यांच्या मापाने नेमकं एकच मूळ सापडतं, म्हणजे पाचसहा मूळ संख्यांत सहसा उत्तर कळून येतं.

सुरुवातीला ℝ आणि ℚ चा फरक सांगितला, तो सगळीकडे लागू होतो. पूर्ण वर्ग म्हणजे ज्या फील्डवर प्रश्न विचारला आहे त्या फील्डमध्ये वर्ग. x³ − 2 चा विवेचक −108 = 36 × (−3). ℚ वर हा वर्ग नाही, म्हणून S₃. पण प्रश्न ℚ(ω) वर विचारला, जिथे ω हे 1 चं अवास्तव घनमूळ आहे, तर √−3 तिथे आधीच आहे, विवेचक वर्ग झाला आणि ग्रुप A₃. तुझी 5 वालीही ℚ(√697) वर नेलीस की चक्रीय होते. प्रश्नपत्रिकेत "ℚ(√−3) वर" असे दोन शब्द घालून नेमकं हेच तपासलेलं असतं.

एका ठिकाणी मात्र हा नियम पूर्णपणे कोसळतो, कॅरॅक्टरिस्टिक 2 असलेल्या फील्डवर. तिथे 1 आणि −1 एकच, म्हणून δ आणि −δ एकच, आणि δ ला अदलाबदलीतला फरक दिसेनासाच होतो. सूत्रही तेच सांगतं: −4p³ शून्य होतं, D = q² उरतो, तो नेहमीच वर्ग. तिथे विवेचकाऐवजी y² + qy + p³ + q² या वर्ग बहुपदीला त्या फील्डमध्ये मूळ आहे का ते बघतात. मूळ असलं आणि घन बहुपदी इर्रिड्यूसिबल असली तर A₃, नसलं तर S₃. तुझ्या अभ्यासक्रमात हे बहुधा नसेल, पण नियमाच्या विधानात "कॅरॅक्टरिस्टिक 2 नसताना" असं का लिहितात, हे त्यावरून कळेल.

बहुपदीत x² चं पद असलं तर घाबरू नकोस. x³ + ax² + bx + c मध्ये x ऐवजी x − a/3 घातलं की ते पद जातं. सगळी मुळे एकाच अंतराने सरकतात, त्यांचे फरक तेच राहतात, म्हणून विवेचक तसाच राहतो. अपूर्णांक घालवायला मुळांना एखाद्या परिमेय k ने गुणलंस तर δ ला k³ ने आणि D ला k⁶ ने गुणलं जातं. k⁶ हा वर्गच आहे, म्हणून D वर्ग आहे की नाही याचं उत्तर बदलत नाही.

आता हातात वही घे आणि x³ − 21x + 20, x³ − 21x + 28, x³ − 21x + 35, x³ − 21x + 37 या चार बहुपदी सोडव. चौघींचे विवेचक पूर्ण वर्ग आहेत, 162², 126², 63² आणि 9². त्यांपैकी एकीचा ग्रुप A₃ नाही, ती कोणती ते विवेचकाकडे न बघता सांग. मग 35 असलेलीसाठी 3α² − 21 चा व्यस्त काढ आणि β, γ लिही. दोघांपैकी एक α² + 2α − 14 असं यायला हवं. ते आलं नाही, तर α⁴ कमी करताना 21α² − 35α ऐवजी काही दुसरं लिहिलंस का, ते आधी तपास.